दोघांनी दोरी ओढली तर तिच्यात ताण किती? एकाच्या ओढीइतका, बेरजेइतका नाही

एक दोरी आहे. डावं टोक एकाच्या हातात, उजवं दुसऱ्याच्या. दोघंही आपापल्या बाजूला ३०० न्यूटनने ओढताहेत आणि दोरी जागची हलत नाही. ३०० न्यूटन म्हणजे साधारण ३० किलोची वस्तू हातात लटकवून धरायला लागतं तेवढं बल. आता दोरीतला ताण किती?

या प्रश्नाला तीन उत्तरं येतात. कुणी म्हणतं शून्य, कारण दोन्ही ओढी एकमेकींना खोडून काढतात. कुणी म्हणतं ६००, कारण जोर दोन्हीकडून लागतोय. आणि कुणी ३०० म्हणतं, पण का ते विचारलं की अडखळतं. बरोबर उत्तर ३०० आहे. मात्र ६०० म्हणणाऱ्याला 'न्यूटनचा तिसरा नियम लाव' एवढं सांगून त्याचं समाधान होत नाही. त्याची शंका रास्त असते: दुसरा माणूस घाम गाळून ओढतोय, मग त्याची ओढ गेली कुठे? या शंकेचं पूर्ण निरसन होईपर्यंत आपण सावकाश जाऊ. आधी कागदावर, मग हातात ताणकाटा घेऊन.

ताण म्हणजे नेमकं कशाचं माप

बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. टाकीत दोन नळांनी पाणी सोडावं तसं दोन माणसं दोरीत आपापली ओढ भरतात आणि आत तिचा साठा होतो, असं चित्र मनात असतं. तसं असतं तर बेरीज करणं योग्यच होतं. पण ताण हा साठा नाही. दोरीवरची कुठलीही एक जागा निवडा. त्या जागेच्या डावीकडचा दोरीचा भाग उजवीकडच्या भागाला ज्या बलाने ओढतो, ते बल म्हणजे त्या जागेचा ताण. उजवीकडचा भाग डावीकडच्याला तेवढ्याच बलाने उलट ओढत असतो. ही एकाच जोडीची दोन अंगं आहेत, आणि या जोडीला आपण एकच आकडा देतो.

म्हणून 'ताण किती' हा प्रश्न 'दोरीवर एकूण किती बलं लागली' असा नाही. 'या जागी एक भाग दुसऱ्या भागाला किती ओढतो' असा तो आहे. शून्य म्हणणाऱ्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं, आणि त्या प्रश्नापुरतं ते बरोबरही असतं. अख्ख्या दोरीवरचं निव्वळ बल खरंच शून्य आहे, म्हणून तर ती हलत नाही. फक्त आपण ते विचारलेलं नव्हतं.

दोरी कल्पनेत कापा

पद्धत एकच आहे, पण ती दर वेळी कागदावर करावी. मनातल्या मनात केली की चूक हमखास होते.

दोरीची आडवी रेघ काढा. मधे कुठेही एक उभी खूण करा, इथे आपण दोरी कापली असं समजा. खुणेच्या उजवीकडचं सगळं हाताने झाकून टाका: उजवा माणूस, त्याचे पाय, त्याचा जोर, सगळं. आता समोर उरला तो दोरीचा फक्त डावा तुकडा. या तुकड्याला कोण कोण शिवतंय ते बघा. डाव्या टोकाला डाव्या माणसाचा हात आहे आणि तो ३०० न्यूटनने डावीकडे ओढतोय. उजव्या टोकाला, म्हणजे कापलेल्या जागी, झाकलेला तुकडा याला उजवीकडे ओढतोय. ते किती बल आहे ते अजून माहीत नाही, त्याला T म्हणू. दोरी आडवी आहे आणि तिचं वजन आपण तूर्त सोडून दिलंय, म्हणजे तिसरं कुणीच नाही.

तुकडा स्थिर आहे, म्हणून त्याच्यावरचं निव्वळ बल शून्य असलं पाहिजे:

T − 300 = 0, म्हणून T = 300 N

आता जरा थांबून या आकृतीत उजवा माणूस कुठे आहे ते शोधा. तो आहे, पण त्याच्या नावाने वेगळा बाण नाही. त्याचा हात डाव्या तुकड्याला शिवतच नाही. त्याची ओढ उजव्या तुकड्यातून आली आणि कापलेल्या जागी T बनून पोचली. म्हणजे त्याची ओढ हरवलेली नाही, तीच T आहे. ६०० म्हणणारा माणूस तिला दोनदा मोजतो: एकदा उजव्या माणसाची ओढ म्हणून, आणि दुसऱ्यांदा डाव्या माणसाला विरोध करणारं बल म्हणून. ती दोन बलं नाहीत.

हवं तर डावी बाजू झाकून उजव्या तुकड्याचं गणित करा. तिथेही ३०० च येईल. ६०० यायला एखाद्या तुकड्याला एकाच दिशेने ३००-३०० च्या दोन ओढी लागायला हव्यात, आणि तशा त्या कुठेच नाहीत.

उलट बाजूनेही तपासता येतं. घटकाभर धरून चाला की ताण ६०० आहे. मग डाव्या तुकड्यावर उजवीकडे ६०० आणि डावीकडे ३००, म्हणजे निव्वळ ३०० न्यूटन उजवीकडे. तुकडा ताबडतोब उजवीकडे पळायला हवा. उजव्या तुकड्याचं गणित मांडलं तर तो डावीकडे पळायला हवा. एकाच अखंड दोरीचे दोन भाग एकमेकांच्या अंगावर धावताहेत असं होत नाही. उत्तराची शंका आली की हा ताळा करून बघावा, ते चुकीचं असलं तर लगेच उघडं पडतं.

भिंत काहीच करत नाही, असं वाटतं तेव्हा

दोरीचं उजवं टोक भिंतीतल्या कडीला बांधा आणि डावीकडून एकट्याने ३०० न्यूटनने ओढा. इथे ताण ३०० हे सगळ्यांना मान्य असतं. कडीच्या जागी माणूस उभा केला की आकडा दुप्पट व्हावा असं वाटतं, कारण भिंत 'नुसती उभी' असते आणि माणूस 'जोर लावतो'.

पण भिंतही दोरीला ३०० न्यूटनने ओढते. ओढत नसती तर दोरी तुमच्या अंगावर आली असती. कडी आणि तिच्या मागची भिंत अगदी किंचित, डोळ्याला न दिसण्याइतकी, वाकते किंवा ताणली जाते आणि तेवढ्यापुरतं उलट बल देते. तिला स्नायू नाहीत, दमणूक नाही, पण दोरीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पलीकडचं टोक कशाने धरलंय हे दोरीला कळायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे त्या टोकाला लागणारं बल. ते ३०० असेल तर भिंत, माणूस, खुंटा सगळे दोरीच्या लेखी सारखेच.

न्यूटनने १६८७ मध्ये तिसरा नियम मांडताना नेमका दोरीचाच दाखला दिला होता. घोडा दोरीने दगड ओढतो तेव्हा दगडही घोड्याला तेवढाच मागे ओढतो, कारण ताणलेली दोरी सैल व्हायच्या प्रयत्नात दोघांनाही सारख्याच बलाने आपल्याकडे खेचते. दगड तर भिंतीपेक्षाही निर्जीव वाटतो, आणि तरी हिशेब तोच.

याच शतकातली आणखी एक घटना या विषयासाठी फार उपयोगी आहे. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराच्या ओटो फोन गेरिक यांनी धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडले, आतली हवा पंपाने काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. सोळा घोड्यांनाही अर्धगोल सुटे करता आले नाहीत. हवेच्या दाबाचं ते जबरदस्त प्रात्यक्षिक होतं. मात्र बलाच्या दृष्टीने तिथे सोळा नव्हे, आठच घोड्यांची ओढ लागत होती. एका बाजूचे आठ घोडे सोडून तिथे भक्कम झाड उभं केलं असतं, तर अर्धगोलांना काहीच फरक कळला नसता. सोळांची ओढ लावायची असती तर गोळ्याची एक बाजू झाडाला बांधून सगळे घोडे दुसऱ्या बाजूला जुंपायला हवे होते. अर्थात बघ्यांवर छाप पाडायला दोन्हीकडे घोडे असणंच चांगलं.

हाताने करून बघायचं असेल तर

५० न्यूटनपर्यंत मोजणारे दोन सारखे ताणकाटे आणि दोनएक मीटर न ताणली जाणारी दोरी पुरे. जाड रबरी किंवा फार लवचीक दोरी घेऊ नका. निष्कर्ष तोच येतो, पण टोकं इतकी सरकतात की आकडे वाचता येत नाहीत.

पहिलं काम शून्य जुळवायचं. ताणकाटा उभा टांगला की हुकाचं आणि आतल्या दांड्याचं वजन स्प्रिंगवर येतं, आडवा धरला की येत नाही. त्यामुळे उभ्याने शून्य जुळवलेला काटा आडवा केल्यावर शून्याच्या थोडा अलीकडे बसतो. आपण आडवाच वापरणार आहोत, म्हणून आडवा धरूनच शून्य जुळवा. त्यानंतर काट्याला हलकी टिचकी मारून बघा, दांडा कडेला घासत असेल तर काटा अडखळतो. ओढताना काटा आणि दोरी एका रेषेत ठेवायची तीही याचसाठी.

आता दोरीच्या दोन्ही टोकांना एकेक काटा अडकवा. उजवा काटा भिंतीतल्या कडीत टाका आणि डावा हातात धरून ४० न्यूटनपर्यंत ओढा. दोन्ही काटे ४० दाखवतील. भिंतीकडचा काटा मुद्दाम वाचा, 'काहीच न करणारी' भिंत किती ओढतेय ते तिथे छापील आकड्यात दिसतं. मग कडीच्या जागी मित्राला उभं करा आणि दोघं मिळून डावा काटा पुन्हा ४० वर आणा. उजवाही ४० वरच असेल. दोरी मधोमध कापून तिथे तिसरा काटा जोडला तरी तो ४० च दाखवेल, ८० नाही.

यानंतर जे करायचं ते मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. मित्राला सांगा, 'तू तुझा काटा ४० वर धर, मी माझा ३० वर धरतो.' आणि खरंच प्रयत्न करा. तुम्ही हात सैल करून ३० वर आलात की त्याचाही काटा ३० वर उतरतो. त्याने जोर वाढवून ४० वर नेला की तुमचाही ४० वर चढतो. नाहीतर तुम्ही दोघंही त्याच्या दिशेने सरकू लागता, आणि सरकतानासुद्धा दोन काट्यांत डोळ्याला दिसेल असा फरक पडत नाही. दोन आकडे वेगळे ठेवण्याचा जो जो प्रयत्न कराल तो फसेल. दोरीच्या एका टोकाची ओढ आणि दुसऱ्या टोकाची ओढ या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, हे यातून हाताला कळतं.

माणसाच्या हाताचा भरवसा वाटत नसेल तर वजनं वापरा. टेबलाच्या दोन्ही कडांना एकेक कप्पी लावा, मधे ताणकाटा आडवा ठेवा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या कप्प्यांवरून खाली सोडा आणि प्रत्येक दोरीला २ किलोचं वजन टांगा. काटा साधारण १९.६ न्यूटन दाखवेल, म्हणजे २ किलोचं वजन. ४ किलोचं नव्हे. आता काटा हाताने जागेवर धरून एका बाजूचं वजन काढा, ती दोरी टेबलाला पक्की बांधा आणि काटा सोडा. आकडा तोच राहील. पहिल्या मांडणीत दुसरं वजन जे काम करत होतं, तेच आता टेबल करतंय.

इथे आकडा १८ किंवा २१ असा आला तर नियम मोडला असं समजू नका. कप्पी घट्ट फिरत असेल तर तिचं घर्षण आपला वाटा घेतं, आणि काटा कसा स्थिरावला त्यावर आकडा थोडा कमी किंवा जास्त होतो. वजनांना हाताने किंचित हलवून एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने स्थिरावू द्या, दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. दोन्ही बाजूंनी आकडा १९.६ पासून बराच लांब राहत असेल तर कप्पीला तेल द्या.

मग दुसऱ्याचा जोर गेला कुठे

बल एकाचंच, पण श्रम तर दोघं करताहेत. ही शंका बलाच्या हिशेबाने मिटत नाही, कारण ती मुळात कार्याची शंका आहे. बल आणि कार्य वेगळे काढले की ती सुटते.

दोरीच्या जागी एक दणकट स्प्रिंग घ्या, जी ३०० न्यूटनला १० सेंटिमीटर ताणली जाते. एक टोक भिंतीला बांधून एकट्याने ओढलं तर हात १० सेंटिमीटर सरकतो. बल शून्यापासून ३०० पर्यंत हळूहळू वाढतं, म्हणजे सरासरी १५०. तेव्हा कार्य १५० गुणिले ०.१, म्हणजे १५ ज्यूल. सगळं एकट्याने केलेलं.

आता भिंतीऐवजी दुसरा माणूस. स्प्रिंग तेवढीच, १० सेंटिमीटर, ताणली जाते. तिचा मध्यबिंदू मात्र जागेवर राहतो आणि प्रत्येकाचा हात ५ सेंटिमीटरच सरकतो. प्रत्येकाचं कार्य साडेसात ज्यूल, दोघांचं मिळून १५. म्हणजे दुसऱ्या माणसाने खरंच मदत केली. त्या मदतीने बल वाढलं नाही, पहिल्याला सरकावं लागणारं अंतर निम्मं झालं.

एकदा ताणून झाल्यावर नुसतं धरून ठेवताना दोघंही दमतात, पण ती दमणूक स्नायूंच्या आतली आहे. आखडलेला स्नायू हात न हलवताही ऊर्जा खर्च करत राहतो. दोरीला त्यातलं काहीच पोचत नाही.

ओढी सारख्या नसतील तर

'डावा ३०० ने आणि उजवा ३२० ने ओढतो, आता सांगा' असा प्रश्न हमखास येतो. त्यावर आधी विचारायचं की दोरीचं वस्तुमान किती.

समजा, दोरी २ किलोची आहे. निव्वळ बल २० न्यूटन, म्हणून ती उजवीकडे १० मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने निघते. मधोमध कापून उजवा अर्धा भाग, म्हणजे १ किलो, घ्या. त्याला उजवीकडे ३२० आणि डावीकडे T. ३२० − T = १ × १०, म्हणून T = ३१०. डाव्या टोकाशी ताण ३००, मधे ३१०, उजव्या टोकाशी ३२०. टोकाकडून टोकाकडे तो एकसारखा चढत जातो. इथेही कुठेच ६२० नाही, ताण दोन ओढींच्या दरम्यानच आहे.

पण ही स्थिती टिकत नाही. तेच २० न्यूटन २०० ग्रॅमच्या दोरीवर लावा, त्वरण १०० येतं, म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूच्या दहापट. इतक्या झपाट्याने कुणाचा हात मागे जात नाही. उजव्याचा हात मागे पडतो, त्याच्याकडची ओढ उतरते आणि दोन्ही टोकं जवळजवळ सारखी होतात. म्हणून हलक्या दोरीच्या बाबतीत दोन्ही टोकांची ओढ सारखीच धरतात. ही सोयीसाठी मारलेली थाप नव्हे. वस्तुमान नगण्य असेल तर फरकालाही जागा उरत नाही.

मग रस्सीखेचीत एक जण जिंकतो कसा? जिंकणं-हरणं पायाशी ठरतं. ८० किलोचा एक आणि ५० किलोचा एक, मधे हलकी दोरी, ताण ३००. मोठ्याने पायाने जमीन रेटली आणि जमिनीने घर्षणाने त्याला ३४० न्यूटन मागे ढकललं. दोरी त्याला ३०० ने पुढे ओढतेय, उरले ४० मागच्या दिशेने. ४० भागिले ८०, म्हणजे तो ०.५ त्वरणाने मागे सरकतो. दोरी ताणलेली आहे म्हणून लहानही तेवढ्याच त्वरणाने पुढे ओढला जातो. त्याच्यासाठी निव्वळ बल ५० × ०.५, म्हणजे २५ लागतं. दोरी ३०० ने ओढते, तर जमीन त्याला २७५ नेच धरून आहे. ताळा असा: बाहेरून लागणारी बलं दोनच, ३४० आणि २७५. फरक ६५. आणि १३० किलो × ०.५ = ६५. जुळलं. दोघांच्या हातात दोरीची ओढ तंतोतंत सारखी होती, वेगळी होती ती जमिनीची पकड.

म्हणूनच ज्याची कमाल ताकद ४०० आणि समोरच्याची ३००, अशा जोडीत ताण ४०० पर्यंत टिकून राहत नाही. कमजोर बाजूचे पाय किंवा मूठ जिथे सुटते, तिथेच ताणाची मर्यादा येते. एकट्याला ४०० दाखवायचे असतील तर त्याने भिंतीला दोरी बांधावी.

दोर निवडताना हाच हिशेब

सांघिक रस्सीखेचीत प्रत्येक बाजूला आठ जण असतात. प्रत्येकजण ५०० न्यूटनने ओढतोय असं धरा. एकाच बाजूच्या ओढी एकाच दिशेच्या, म्हणून त्यांची बेरीज होते, आणि ती माणसागणिक चढत जाते. सगळ्यात मागच्या गड्याच्या पलीकडे दोर सैल, ताण शून्य. त्याच्या पुढे ५००, पुढच्याच्या पुढे १०००, आणि पहिल्या गड्याच्या पुढे, दोन्ही संघांच्या मधल्या भागात, ४०००. तिथून पलीकडच्या संघात तो तसाच पायरी-पायरीने उतरतो. मधला आकडा ८००० नाही. दोर किती ताण सोसेल हे बघताना एका संघाची बेरीज धरायची.

पण तेवढाच मजबूत दोर मात्र घेऊ नका. झटका बसला की ताण क्षणभर बराच वाढतो, आणि गाठ मारली की त्या जागी दोराची ताकद घटते, काही गाठींत निम्म्यापर्यंत. नायलॉनसारखा ताणला जाणारा दोर तर तुटताना साठवलेली ऊर्जा घेऊन चाबकासारखा मागे येतो. १९९७ साली तैपेईत सोळाशेहून जास्त लोकांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोन जणांचे हात तुटले. प्रत्येकी ५०० न्यूटन धरले तर अशा खेळात एका बाजूच्या आठशे जणांचेच ४ लाख न्यूटन होतात, म्हणजे सुमारे ४० टनांचं वजन. बेरीज अर्धीच धरा, पण ती अर्धी बेरीजही दोराला पेलते का ते आधी बघा. आणि दोर मनगटाला किंवा मुठीला गुंडाळू कधीच देऊ नका.

६०० खरंच कुठे सापडतं

दोन ओढींची बेरीज करायची जागा आहे, फक्त ती दोरीत नाही. छताच्या हुकाला कप्पी अडकवा, तिच्यावरून दोरी टाका आणि दोघांनी दोन टोकं ३००-३०० न्यूटनने सरळ खाली ओढा. दोरी कुठेही कापून बघा, ताण ३०० च. आता दोरीऐवजी कप्पीभोवती कल्पनेतली रेघ मारा. रेघेला दोन ठिकाणी दोरी छेदते आणि दोन्ही ठिकाणी ३०० न्यूटन खालीच ओढताहेत. कप्पी स्थिर राहायला हुकाने ६०० वर धरलं पाहिजे, अधिक कप्पीचं स्वतःचं वजन. आधीच्या आडव्या दोरीत दोन ओढी विरुद्ध होत्या, इथे कप्पीने त्यांना एकाच दिशेला वळवलं.

दोघं बाजूला सरकून ओढू लागले आणि दोरीच्या दोन भागांत १२० अंशांचा कोन झाला, तर हुकावर ३०० च येतात. दोरीतला ताण मात्र तोच राहतो.

आणि कप्पीऐवजी दोरी खडबडीत खांबाला घासत गेली असेल, किंवा मधेच तिसऱ्याने तिला धरलं असेल, तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा असायचं कारण उरत नाही. त्या जागी दोरीला आणखी कुणीतरी शिवतंय, त्याचा बाण आकृतीत काढा आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं कापून दोन ताण काढा. कप्पी सहज फिरणारी असेल तर एवढं करावं लागत नाही. अशा मांडणीत दोरी ३०० न्यूटनच्या हिशेबाने निवडायची आणि छतातला हुक ६०० च्या.